धागा: ‘करूलालोय’ टी-शर्टवर चालते, मग ‘पानी’ का चालत नाही?

अक्कलकोट_नाका

सोलापूरकरांच्या बोलण्यातल्या दोन गोष्टी परगावच्या माणसाच्या कानाला लगेच लागतात. पहिली म्हणजे ‘काय करूलालास बे’, ‘घरी जाऊलालोय’ ही क्रियापदांची ठेवण, आणि दुसरी म्हणजे ‘ण’च्या जागी येणारा ‘न’: पानी, कोन, लोनी, दाने. या दोन्ही गोष्टी प्रमाण मराठीत बसत नाहीत, तरी त्यांच्या वाट्याला आलेली वागणूक अगदी वेगळी आहे. ‘करूलालोय’वर रील्स निघतात, टी-शर्ट छापले जातात, आणि पुण्याला शिकायला गेलेली मुले सुट्टीत घरी आली की ते जरा जास्तच बोलतात. ‘पानी’चे मात्र कोणी कौतुक करत नाही. नोकरीच्या मुलाखतीआधी तो ‘न’ घोटून घोटून घालवला जातो, आणि स्थळ पाहायला आलेली मंडळी तो ऐकून मनातल्या मनात काय ते ठरवून मोकळी होतात. एकाच गावच्या दोन लकबींपैकी एक अभिमानाची आणि दुसरी अडाणीपणाची खूण कशी ठरते, याचा कोणी नीट विचार केला आहे काय?

शुद्धलेखन_आग्रही

यात कोडे वाटावे असे काही नाही. ‘करूलालोय’ ही गंमत आहे, ‘पानी’ ही चूक आहे. ‘ण’ हा स्वतंत्र वर्ण असून तो संस्कृतातून आपल्याकडे आला. ज्याने तो जपला त्याचे बोलणे शुद्ध राहिले, ज्याने सोडला त्याचे बिघडले. शिवाय ‘मन’ आणि ‘मण’, ‘कोन’ आणि ‘कोण’ यांत अर्थाचा फरक आहे, आणि जो फरक अर्थ बदलतो तो पाळलाच पाहिजे. मी आयुष्यभर वर्गात हेच शिकवले. शिकलेला माणूस ‘ण’ म्हणतो आणि न शिकलेला ‘न’ म्हणतो, म्हणून ऐकणारा त्यावरून शिक्षण ओळखतो. इतका साधा हा मामला आहे.

विजापूर_वेस

आग्रही सर, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. प्रमाण मराठीत ‘कोन’ आणि ‘कोण’ वेगळे आहेत, आणि लिहिताना तो फरक पाळावा हेही खरे. संस्कृताचा आधार मात्र इथे उलटा पडतो. ‘पाणी’ हा शब्द ज्या संस्कृत शब्दावरून आला त्या ‘पानीय’मध्ये ‘न’च आहे. दोन स्वरांच्या मधला एकटा ‘न’ प्राकृतातून मराठीत येताना ‘ण’ झाला. याउलट ‘कर्ण’ आणि ‘पर्ण’ या शब्दांतला ‘ण’ जोडाक्षरात होता. प्राकृतात त्याचे ‘कण्ण’, ‘पण्ण’ असे द्वित्व झाले आणि मराठीत त्याचा ‘न’ होऊन ‘कान’ आणि ‘पान’ तयार झाले. ‘कान’ म्हणणाऱ्याला आपण कधी अशुद्ध म्हणत नाही, कारण तो बदल सगळ्यांनीच केला. ‘पानी’ म्हणणाऱ्याला म्हणतो, कारण तो बदल काहींनी केला आणि काहींनी केला नाही. म्हणजे ‘शुद्ध’ हा निवाडा ध्वनीपेक्षा बोलणाऱ्याकडे पाहून दिला जातो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण इंग्रजीतल्या ‘र’चे आहे. इंग्लंडमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘र’ गाळणे हे प्रतिष्ठित बोलण्याचे लक्षण मानले गेले. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर नेमके उलटे झाले आणि ‘र’ गाळणे खालच्या थराचे मानले जाऊ लागले. तोच ध्वनी, तेच गाळणे, पण किंमत मात्र उलटी. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन हे तपासले. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे असे ते विक्रेत्याला विचारत, म्हणजे उत्तरात ‘फोर्थ फ्लोर’ येणारच. मग ऐकू न आल्यासारखे करून पुन्हा विचारत, म्हणजे विक्रेता तेच शब्द जपून उच्चारी. सर्वांत महागड्या दुकानात ६२ टक्के विक्रेत्यांनी निदान एकदा तरी ‘र’ उच्चारला, मधल्या दुकानात ५१ टक्क्यांनी, आणि स्वस्त दुकानात साधारण पाचांतल्या एकाने. विक्रेत्यांच्या पगारांत म्हणावा तसा फरक नव्हता. गिऱ्हाईक ज्या थरातले, त्याप्रमाणे विक्रेत्याची जीभ वळली होती.

साखरपेठ_यंत्रमाग

मी स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या घरी तेलुगू बोलतात. आजोबांच्या पिढीपासून आम्ही मागावर चादरी आणि टॉवेल विणत आलो. तेलुगूत ‘ण’ आणि ‘ळ’ हे दोन्ही ध्वनी आहेत, त्यामुळे ‘पाणी’ आणि ‘डाळ’ म्हणताना आम्हाला कधी अडचण आली नाही. धागाकर्त्यांच्या नियमाने आम्ही प्रतिष्ठित ठरायला हवे होते! प्रत्यक्षात आमचे बोलणे महाप्राणांवर अडते. वडील ‘घर’ला ‘गर’ आणि ‘भाऊ’ला ‘बाऊ’ म्हणत. ज्या धाग्यावर आमचे पोट चालले तो त्यांच्या तोंडी कायम ‘दागा’च राहिला. सरकारी कचेरीत त्यांनी तोंड उघडले की समोरचा लगेच ‘पेठेतले का?’ असे विचारी. त्या प्रश्नात जात, भाषा, धंदा आणि शिक्षण असे सगळे एकदम आलेले असे. मग मला असे विचारावेसे वाटते की ही ‘ण’ची फूटपट्टी आम्हाला लावायचीच कशी?

विजापूर_वेस

लावायची नाही, हेच त्याचे उत्तर आहे, आणि तुमचे उदाहरण म्हणून फार मोलाचे आहे. उच्चाराची खूण कधी एकटी काम करत नाही. ऐकणारा आधी ‘हा कोण असू शकेल’ याचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाच्या चौकटीत ध्वनी ऐकतो.

नई_जिंदगी_कट्टा

याला माझ्याकडून पुस्ती जोडतो. आम्ही घरी दखनी बोलतो आणि दखनीत ‘पानी’ हाच शब्द आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, म्हणून मराठीत मी ‘पाणी’ म्हणतो. पण बोलण्याच्या ओघात कधी ‘पानी’ निघून जातेच. तेव्हा मला आजवर कोणी ‘गावाकडचे का?’ असे विचारलेले नाही. ‘तुमची मराठी हिंदीसारखी येते’ एवढेच म्हणतात, आणि पुढचे वाक्य ते स्वतःच हिंदीत बोलतात. माझ्या शेजारी मोहोळ तालुक्यातले एक कुटुंब राहते. त्यांच्या मुलाच्या तोंडी हाच ‘न’ आला, तर त्याला ‘शेतकऱ्याचा पोरगा’ म्हणतात. दोघांचा ‘न’ शेजारी शेजारी ठेवला तर फरक सापडणार नाही, पण त्याला धर्माची खूण म्हणून ऐकतात आणि शेताची खूण म्हणूनही. ‘पानी’चा अर्थ एकच आहे असे धरून चालणे मला म्हणूनच पटत नाही.

बार्शीचा_पाहुणा

धागा वाचून बरे वाटले, कारण मला याच विषयावर सल्ला हवा आहे. माझा मुलगा दुसरीत आहे. तो ‘पानी’, ‘आनी’, ‘कोनी’ असे बोलतो. ‘ण’ येण्यासाठी जिभेचा कोणता व्यायाम द्यावा? वाणी-उपचार करणाऱ्याकडे न्यावे काय?

पुण्यातली_सोलापूरकर

भाऊ, इथे चर्चा थोडी वेगळी चालली आहे, पण तुमचा प्रश्नही उपयोगाचा आहे. तुमचा मुलगा शाळेतली कविता पाठ म्हणून दाखवताना ‘ण’ म्हणतो का, एवढे सांगाल काय?

बार्शीचा_पाहुणा

आत्ताच म्हणायला लावले. कवितेत ‘पाणी’ स्पष्ट म्हणाला. मग बाहेर खेळायला गेला आणि मित्राला ओरडून म्हणाला, ‘पानी आन की!’ हे कसे काय?

विजापूर_वेस

मग व्यायामाची काही गरज नाही, त्याची जीभ उत्तम आहे. दुसरीतल्या मुलाला वर्गात कोणता ध्वनी आणि अंगणात कोणता हे कळलेले आहे. आपल्या चर्चेचा कणा नेमका हाच आहे. एखादा ध्वनी विशिष्ट गटात नुसता जास्त आढळतो, तेव्हा ते फक्त अभ्यासकाला दिसते. बोलणाऱ्याला त्याची जाणीव नसते आणि तो सगळीकडे सारखेच बोलतो. पुढे लोकांना तो फरक ऐकू येऊ लागतो, आणि तोच माणूस जपून बोलताना एक उच्चार करतो तर सैल बोलताना दुसरा. त्याच्याही पुढची पायरी अशी की लोक त्या ध्वनीबद्दल बोलू लागतात, त्याच्या नकला करतात, तो दुरुस्त करतात, नाटकातल्या गड्याच्या तोंडी घालतात. मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी या चढत्या पायऱ्यांची मांडणी केली. असिफ आगा यांनी २००३ साली इंग्लंडमधल्या प्रतिष्ठित उच्चाराचा इतिहास तपासून दाखवले की एका लहान वर्गाचे बोलणे देशभर ‘चांगले बोलणे’ म्हणून कसे ओळखीचे झाले. तिथे १७८० साली शेरिडन यांचा आणि १७९१ साली वॉकर यांचा उच्चारकोश आला. मग शिष्टाचाराची पुस्तके, स्वस्त कादंबऱ्या, निवासी शाळा आणि पुढे रेडिओ आले. तसे बोलणारे थोडेच राहिले, पण तो उच्चार ओळखणारे आणि त्यापुढे संकोचणारे लाखो झाले.

आपल्याकडचा क्रमही फारसा निराळा नाही. १८२९ चा शास्त्रीमंडळींचा कोश, १८३१ चा मोल्सवर्थ यांचा कोश आणि १८३६ चे दादोबा पांडुरंगांचे व्याकरण या सगळ्यांमागे प्रामुख्याने पुण्या-मुंबईकडच्या शिकलेल्या वर्गाची मराठी होती. मग शाळा खात्याची क्रमिक पुस्तके आली, आणि आकाशवाणीचा निवेदक आला. दुसऱ्या बाजूने रंगभूमीवरच्या आणि पडद्यावरच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘आनी’, ‘न्हाई’, ‘म्या’ ठरून गेले. मराठीच्या मोठ्या प्रदेशात, कोकणापासून वऱ्हाडापर्यंत, ‘ण’चा ‘न’ होतो. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात बोलीबोलींखाली त्याच्या नोंदी आहेत. नकाशावर इतका पसरलेला ध्वनी लोकांच्या कानात मात्र ‘गावंढळ’ या एकाच खान्यात जाऊन बसला, तो या मार्गाने.

शुद्धलेखन_आग्रही

‘पानीय’चा मुद्दा मी तपासून पाहिला, तो बरोबर आहे. तरीही माझा प्रश्न शिल्लक राहतो. तोंडी परीक्षेत परीक्षक ‘न’ ऐकून गुण कापतो, हे मी स्वतः पाहिले आहे. मग मी विद्यार्थ्याला काय सांगायचे? इतिहास सांगून त्याचे गुण परत येणार नाहीत.

पुण्यातली_सोलापूरकर

सर, त्या धाकाचा एक परिणाम तुमच्याही पाहण्यात आला असेल. ज्याला ‘न’बद्दल सतत टोकले गेले आहे तो पुढे जिथे ‘न’च हवा तिथेही ‘ण’ घालतो. पाट्यांवर ‘वाहण’, ‘जीवण’, ‘अभिनंदण’ असे लिहिलेले दिसते. ज्याला मुळात फिकीर नाही तो असे करणार नाही. वर चढू पाहणाऱ्याची ही घाई असते.

उलट बाजूही सांगते. मी पुण्यात नोकरी करते. कार्यालयातल्या बैठकीत माझा ‘ण’ पक्का असतो. हुतात्मा एक्स्प्रेसने घरी आल्यावर तोच ‘ण’ तोंडात राहिला, तर चुलतभाऊ म्हणतो, ‘लै शुद्ध बोलूलालीस की बे, पुण्याची झालीस वाटतं.’ म्हणजे ‘ण’सुद्धा इथे खूणच आहे, शिष्टपणाची. काही घरांत त्याला सरळ ‘बामनी बोलनं’ म्हणतात, आणि त्या शब्दातही ‘ण’ नसतो. पुढाऱ्यांना हे सगळे पक्के ठाऊक असते. अधिकाऱ्यांच्या बैठकीत ‘पाणीप्रश्न’ म्हणणारा माणूस गावच्या सभेत माईक हातात आला की ‘पान्याचा प्रश्न’ म्हणतो, आणि टाळ्या घेतो.

अक्कलकोट_नाका

हे सगळे वाचून वाटले की लॅबॉव्ह यांची युक्ती आपल्या बाजारात करून पाहावी. ज्याच्या उत्तरात ‘ण’ हमखास येईल असा प्रश्न कोणता असू शकेल? शेंगदाणे विचारावेत का?

विजापूर_वेस

शेंगदाणे सोलापुरात चालणार नाहीत. दुकानदार ‘शेंगा’ म्हणून मोकळा होईल. फुटाण्यांकडे बोट दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारा, मग ‘काय म्हणालात?’ म्हणून पुन्हा वदवून घ्या. तुमच्या प्रश्नात ‘आणि’, ‘कोणते’ असले शब्द येऊ देऊ नका, नाहीतर समोरचा तुमचा ‘ण’ उचलेल. दुकानाबाहेर पडल्याबरोबर लिहून ठेवा. आणखी एक अडचण आधीच सांगतो. मराठीचा ‘ण’ बोलण्याच्या ओघात जिभेच्या एका झटक्यासारखा येतो. तो पुरता ‘ण’ही नसतो आणि पुरता ‘न’ही नसतो, असे पुष्कळदा घडते. मग आपला कान दुकानदाराच्या पोशाखावरून निकाल देतो. नॅन्सी निड्झिएल्स्की यांनी १९९९ साली डेट्रॉइटमध्ये हे दाखवून दिले: बोलणारी व्यक्ती कॅनडाची आहे असे सांगितल्यावर लोकांनी एक स्वर ऐकला, ती मिशिगनची आहे असे सांगितल्यावर दुसरा, आणि ध्वनिमुद्रण मात्र एकच होते. शंका असेल तर परवानगी घेऊन मुद्रण करा आणि Praat या संगणकावर ध्वनीचे चित्र दाखवणाऱ्या प्रणालीत पाहा. त्या चित्रात ‘ण’च्या आधीच्या स्वरात तिसरी पट्टी खाली झुकते, ‘न’च्या आधी ती तितकी झुकत नाही.

अक्कलकोट_नाका

मधला मारुतीच्या बाजारात जाऊन आलो. एका म्हाताऱ्या दुकानदारांनी पहिल्यांदा ‘फुटाने’ म्हटले. मी ‘काय म्हणालात?’ असे विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिले आणि ‘फुटाणे, फुटाणे’ असे सावकाश सांगितले. शेजारच्या गाडीवरच्या मुलाने दोन्ही वेळा ‘फुटाने’च म्हटले, वर ‘ऐकू येईना का काका’ असेही विचारले. एका मोठ्या दुकानात उत्तर हिंदीत ‘चना’ असे आले, म्हणजे तो प्रयत्न फुकट गेला. एका बाईंनी काही न बोलता मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले.

विजापूर_वेस

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण ते आजोबा आणि तो मुलगा यांच्यातला फरक टिपण्याजोगा आहे. आजोबांनी तुमच्या कपड्यांकडे पाहून ‘ण’ काढला. मुलाने तुम्हाला बहिरे ठरवले. तरुणांना आता ‘न’ची लाज कमी वाटते, की त्या मुलाला अजून मुलाखतच द्यावी लागलेली नाही, हे एका भेटीत कळणार नाही. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यावर १९७३ साली प्रबंध लिहिला. असा अभ्यास करायला त्या गावात वर्षानुवर्षे राहावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ‘डाउनटाउन’चा उच्चार ‘डानटान’सारखा होतो. बार्बरा जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली त्याची कथा मांडली. पोलाद कामगारांना आपण वेगळे बोलतो याची जाणीव नव्हती. लोक बाहेर फिरू लागले तेव्हा ती झाली, आणि काही काळ तो उच्चार कामगारवर्गाची खूण राहिला. पुढे पोलादाचे कारखाने बंद पडले, माणसे दुसऱ्या शहरांत पांगली, आणि तोच उच्चार गावाची आठवण म्हणून टी-शर्टवर आणि कपांवर छापला जाऊ लागला. सोलापुरातही गिरण्या बंद पडल्या आणि मुले पुण्याला गेली. पण गावाची खूण व्हायला तो ध्वनी गावापुरता तरी असावा लागतो. ‘करूलालोय’ मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा सगळ्या घरांतली मुले बोलतात आणि सोलापूरच्या परिसराबाहेर ते सहसा ऐकू येत नाही. ‘न’ मात्र अर्ध्या महाराष्ट्राचा आहे, आणि सोलापुरातल्या सगळ्यांचा नाही. साखरपेठेने ते आत्ताच सांगितले. म्हणून हा ‘न’ ‘सोलापूर’ म्हणूच शकत नाही, तो फक्त ‘वरचा’ की ‘खालचा’ एवढेच सांगू शकतो.

होटगी_कन्नडिग

‘करूलालोय’बद्दल एक लहानशी भर घालतो. आमच्या उत्तरेकडच्या कन्नडमध्ये ‘मी करतोय’ला ‘माडाकत्तीनि’ म्हणतात, आणि त्यातला ‘हत्तु’ म्हणजे आपले ‘लागणे’. तुमचे ‘करू लागलो’ आकसून ‘करूलालो’ झाले असेल, तर हा साचा कोणी कोणाकडून घेतला?

विजापूर_वेस

साचा जुळतो, पण ‘करू लागणे’ मराठीत सगळीकडे आहे. कन्नडच्या शेजाराने सोलापुरात त्याचा वापर वाढवला असेल, असे मला वाटते. याहून पुढे जायची माझी तयारी नाही.

नई_जिंदगी_कट्टा

पिट्सबर्गचे स्पष्टीकरण मला निम्मेच पटले. ‘करूलालोय’ सगळ्यांचे आहे म्हणता, पण टी-शर्ट छापतो कोण आणि घालतो कोण? ज्याची नोकरी लागली, ज्याचा ‘ण’ पक्का झाला, तोच ‘करूलालोय’ची चैन करू शकतो. मधला मारुतीचा तो गाडीवाला मुलगा हेच दिवसभर बोलतो, पण त्याला ते छापून अंगावर घालावेसे वाटत नाही. म्हणजे अभिमानाची खूणही शेवटी वर्गाचीच निघाली.

पुण्यातली_सोलापूरकर

हे मला लागले, कारण माझ्याकडे तसा टी-शर्ट आहे. तरीही पूर्ण मान्य करत नाही. रील्स बनवणाऱ्यांमध्ये विडी घरकुलातली आणि तालुक्यांतली मुलेही आहेत, आणि त्यांच्या रील्समध्ये ‘न’ जसाच्या तसा राहतो. फरक इतकाच की खाली प्रतिक्रिया देणारे ‘बे’वर हसतात आणि ‘न’ दुरुस्त करायला धावतात.

शुद्धलेखन_आग्रही

तोंडी परीक्षेबद्दल मला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

विजापूर_वेस

सर, विद्यार्थ्याला ‘ण’ शिकवा, कारण परीक्षक तो मागतो. मात्र ‘न’ चूक आहे असे न सांगता, परीक्षेत ‘ण’ लागतो असे सांगा. बार्शीच्या पाहुण्यांच्या मुलाला हे कोणी न सांगताच कळले आहे. परीक्षकाला कोण सांगणार, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

बार्शीचा_पाहुणा

म्हणजे वाणी-उपचारवाल्याची वेळ घेतली आहे ती रद्द करू ना?